किती दिवसांचे विचारावे?

(पाड्यांवर पाहणीसाठी जाणारे स्वयंसेवक आणि मिशनचे हितचिंतक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पावसाळा ओसरला की आपल्यापैकी बरेच जण सातपुड्यातल्या पाड्यांवर घरोघर जाणार आहेत. घरात काय विकत आणले, तालुक्याच्या गावी किती खेपा झाल्या, कोण आजारी पडले, हे विचारून कागदावर उतरवायचे आहे. त्या कागदांवरून आपला फिरता दवाखाना कुठल्या पाड्यावर किती वेळा जाईल ते ठरणार आहे. म्हणून आज मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. प्रश्न विचारताना ‘किती दिवसांत’ असे जे आपण म्हणतो, ते दिवस किती असावेत?

आधी एक प्रश्न तुम्हालाच विचारते. गेल्या वर्षभरात तुमचे किती रविवार उपासनेला चुकले? पाळकसाहेब समोर बसले आहेत, म्हणून मोठ्याने सांगू नका. मनात जो आकडा आला तो तुम्ही मोजून काढला का? बहुतेकांनी नाही. आपण ‘महिन्यातून एखादा’ असा अंदाज धरला आणि त्याला बाराने गुणले. हेच मी मागच्या चार रविवारांबद्दल विचारले असते, तर प्रत्येक रविवार डोळ्यांपुढे आला असता. आणि घरात बाप्तिस्मा कधी झाला असे विचारले, तर दहा वर्षांपूर्वीचाही कुणी विसरणार नाही. जी गोष्ट वारंवार घडते आणि साधी असते, ती लवकर पुसली जाते. जी क्वचित घडते आणि मोठी असते, ती टिकते. दिवस ठरवताना पहिला विचार हाच करायचा.

आपल्या जुन्या कागदावर प्रश्न होता, ‘गेल्या वर्षभरात घरातील मूल किती वेळा आजारी पडले?’ तो घेऊन मी एका पाड्यावर गेले होते. आपल्या कार्यकर्तीने तो पावरीतून विचारला. कडेवर मूल घेतलेली बाई म्हणाली, “आजारी कुठं पडलं ताई? बरं आहे.” मुलाचे नाक वाहत होते. कार्यकर्ती शहाणी होती. तिने कागद बाजूला ठेवला आणि विचारले, “मागच्या बाजारापासून आजपर्यंत याला ताप आला? जुलाब झाले? खोकला?” तेव्हा बाई बोटांवर मोजू लागली. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी जुलाब लागले होते, दोन दिवस चालले, त्यात एक रात्र ताप होता. ती आधी खोटे बोलत नव्हती. ‘आजारी’ म्हणजे उचलून दवाखान्यात न्यावे लागते ते, असा तिच्या घरातला अर्थ. जुलाब हे रोजचेच.

हा प्रकार एका पाड्यापुरता नाही. दिल्लीत 2000 ते 2002 या काळात 1621 माणसांच्या आरोग्याची विचारपूस कधी आठवड्याच्या, तर कधी महिन्याच्या हिशोबाने झाली आणि 2008 साली तिथेच हा फरक पुन्हा मुद्दाम तपासून पाहण्यात आला. मुदत बदलली की आजारपण आणि डॉक्टरकडच्या खेपा यांचे आकडे खूप बदलले, आणि श्रीमंतांपेक्षा गरिबांच्या बाबतीत जास्त बदलले. आठवड्याच्या प्रश्नात गरीब माणसे श्रीमंतांपेक्षा जास्त वेळा डॉक्टरकडे जाताना दिसली. महिन्याच्या प्रश्नात ती कमी वेळा जाताना दिसली. गरिबाला आजार हा वेगळा प्रसंग वाटेनासा होतो, असे त्या अभ्यासकांनी सुचवले. आपल्या दृष्टीने अर्थ असा की मुदत लांब धरली, तर ज्यांना दवाखान्याची सगळ्यात जास्त गरज आहे तेच कागदावर धडधाकट दिसतील आणि गाडी दुसरीकडे जाईल.

मग कालचेच विचारावे का? तसेही नाही. शंभर मुले धरा. प्रत्येकाला वर्षातून तीनदा जुलाब होतात असे समजू. हे आकडे फक्त हिशोबासाठी आहेत. वर्षाचे तीनशे प्रसंग झाले. पंधरा दिवसांचे विचारले तर सुमारे बारा प्रसंग हाती लागतील, आठवड्याचे विचारले तर सहाच्या आसपास. सहा हा आकडा फार लहान आहे. एखाद्या पाड्यावर योगायोगाने तीन निघतील, शेजारच्यावर नऊ, आणि शेजारचा पाडा तिप्पट आजारी आहे असे आपण धरून बसू. उलट वर्षाचे विचारले तर आयांना ज्यात सलाईन लावावे लागले तेवढेच आठवेल, आणि तीनशेचे कदाचित शंभर होतील. म्हणून मुलांच्या जुलाबांसाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मागचे दोन आठवडे विचारतात, आणि राष्ट्रीय नमुना पाहणीत साध्या आजारासाठी पंधरा दिवसांची मुदत असते. आपणही पंधरा दिवस घेतले आहेत. पाड्यावर मात्र ‘पंधरा दिवस’ म्हणू नका. ‘मागच्याच्या मागच्या बाजारापासून’ म्हणा. आठवडी बाजार सगळ्यांना ठाऊक असतो. तारीख फक्त आपल्याजवळ असते.

दवाखान्यात भरती होण्याचे उलटे आहे. शंभर घरांत वर्षाला अशा बारा घटना होत असतील, तर पंधरा दिवसांत अर्धीसुद्धा सापडणार नाही. ती घटना विसरलीही जात नाही, कारण तिच्यासाठी बकरी विकलेली असते. म्हणून भरतीसाठी वर्ष धरायचे, आणि नमुना पाहणीतही 365 दिवसच धरतात. पण इथे वेगळी चूक होते. मोठी घटना आठवणीत जवळ सरकते. दीड वर्षापूर्वीचे बाळंतपण ‘याच वर्षीचे’ म्हणून सांगितले जाते. यावर उपाय म्हणजे हद्द अशी ठेवायची जी कुणीच हलवू शकणार नाही. सातपुड्यात होळीपेक्षा पक्की खूण नाही. आधी विचारा, “ते मागच्या दिवाळीच्या अलीकडचे की पलीकडचे? होळीला ती घरी आली होती का?” आणि मगच लिहा.

भरतीच्या प्रश्नात आणखी एक माणूस हमखास सुटतो. आपण घरातल्या माणसांची नावे लिहितो आणि एकेकाबद्दल विचारतो. जो दवाखान्यात गेला आणि परत आलाच नाही, त्याचे नाव यादीत नसते. म्हणजे सगळ्यात मोठे आजारपणच कागदावर येत नाही. वर्षभरात घरातले कोणी वारले का, हे आधी हळुवारपणे विचारा आणि त्यांची ओळ वेगळी भरा. त्या घरी त्या दिवशी बाकीचे प्रश्न राहिले तरी चालतील.

आता खरेदी. मीठ, तेल, तिखट, भाजी आठवड्याच्या बाजारातून येते, म्हणून त्यांचे सात दिवस विचारायचे, म्हणजे एक बाजार पूर्ण आत येतो. पाच दिवस विचारले तर काही घरांचा बाजार आत येईल, काहींचा बाहेर राहील, आणि फरक घराचा नसून वाराचा असेल. रेशनचे धान्य महिन्यातून एकदा येते, त्याला महिना. कपडे, चपला, पत्रे, भांडी यांना वर्ष. तालुक्याच्या गावी जाणाऱ्या जीपच्या खेपांना मी महिना धरला आहे, कारण दर आठवड्याला जाणारे थोडे आणि कधीच न जाणारेही थोडे.

एका ठिकाणी मात्र सात दिवसांचा आकडा आपल्याला फसवील, आणि मंडळीतल्या मदत समितीने हे नीट ऐकावे. समजा, एक घर महिन्यातून एकदाच तेल घेते. आपण गेलो तो आठवडा तेलाचा नसेल, तर कागदावर शून्य येईल. असेल, तर चौपट तेल खाणारे घर दिसेल. अशी शेकडो घरे एकत्र केली की चढउतार एकमेकांना खातात आणि पाड्याची सरासरी बरोबर येते. पण त्या एका घरावर बोट ठेवून ‘हे गरीब, हे सुखवस्तू’ असे त्या कागदावरून म्हणता येत नाही. शिधा कुणाला द्यायचा, हे ठरवायला सात दिवसांचा रकाना वापरू नका. त्यासाठी जमीन किती, बैल आहेत का, ऊसतोडीला किती जण जातात, हे वेगळे विचारलेले आहे.

ऊसतोडीवरून आठवले. पंधरा दिवसांचा प्रश्न आपण जातो त्या ऋतूपुरताच बोलतो. आश्विनात मिळालेले बारा जुलाब चोविसाने गुणून वर्षाचा हिशोब मांडला, तर पावसाळ्याचा शेवट वर्षभर पसरवल्यासारखे होईल. शिवाय दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे गुजरातेत तोडीला जातात. तिथल्या कोपीत मूल किती वेळा आजारी पडले, ते या प्रश्नात येणारच नाही. म्हणून एकच फेरी न करता त्याच पाड्यांवर तीन फेऱ्या आहेत. पहिली आत्ता, दुसरी कडाक्याच्या थंडीत मागे राहिलेल्यांसाठी, तिसरी होळीनंतर माणसे परतल्यावर. खर्च वाढतो, हे खजिनदारांनी मला सांगितले आहे. पण एकाच फेरीवरून वर्षाचा हिशोब मांडायचा असेल, तर पहिल्या फेरीवरही खर्च करू नये असे माझे मत आहे.

आपली मुदत बरोबर बसली की नाही, हे कसे कळेल? अर्ध्या घरांना आठवडा आणि अर्ध्यांना महिना विचारायचा. घरे चिठ्ठ्या टाकून वाटायची. महिन्याचा आकडा आठवड्याच्या चौपटीहून थोडा जास्त यायला हवा. बराच कमी आला, तर माणसे विसरत आहेत असे समजावे. मात्र एकाच घराला दोन्ही विचारू नका. राष्ट्रीय नमुना पाहणीने 1999-2000 साली खाण्याच्या जिनसांसाठी सात आणि तीस दिवसांचे रकाने शेजारी शेजारी ठेवले होते. माणूस दुसरे उत्तर देताना पहिल्याशी जुळवून घेतो. त्यामुळे दोन्ही आकडे आधीच्या वर्षांशी ताडून पाहता येईनात, आणि देशात गरिबी किती घटली यावर वर्षानुवर्षे वाद झाला.

दुसरा ताळा आपल्या घरातच आहे. फिरत्या दवाखान्याच्या नोंदवहीत कुठल्या पाड्यावरून कोण कधी आले ते लिहिलेले असते. वहीत नाव असलेल्या वीस घरांना, वहीचा उल्लेख न करता, आपला नेहमीचाच प्रश्न विचारायचा. वहीतल्या भेटी त्यांनी स्वतःहून सांगितल्या का, ते पाहायचे. पहिल्या आठवड्यात दोघी कार्यकर्त्या एवढेच काम करतील. त्यातून काय निघते ते पाहून तिसऱ्या पानावरची मुदत आपण कायम करू. तोपर्यंत त्या पानाच्या जास्त प्रती छापू नयेत, अशी कार्यालयाला विनंती आहे.