दोन वाक्ये आणि एक अर्धविराम
(प्राथमिक शिक्षकांच्या सभेतील व्याख्यान)



निबंधाच्या वह्या तपासताना शिक्षकांपुढे एक लहानसा प्रश्न वारंवार उभा राहतो. समजा, चौथीच्या वर्गातील एका मुलीने उन्हाळ्यावरील निबंधात पुढील वाक्य लिहिले आहे :

विहीर आटली; बायका नदीवर पाण्याला जाऊ लागल्या.

या ठिकाणी घातलेला अर्धविराम बरोबर की चूक? एक शिक्षक त्यास लाल रेघ मारतील आणि म्हणतील, “येथे उभयान्वयी अव्यय कोठे आहे? अर्धविरामानंतर ‘पण’ किंवा ‘म्हणून’ हवे.” दुसरे शिक्षक तेच वाक्य निमूटपणे मान्य करतील. एकाच वाक्यास दोन वर्गांत दोन निकाल मिळाले, तर मुलीने कोणता नियम शिकावा? यास्तव या एकाच वाक्याचा नीट विचार करणे इष्ट आहे.

पहिल्या शिक्षकांचा आक्षेप निराधार नाही. शालेय व्याकरणात अर्धविरामाचा नियम बहुधा असा दिलेला असतो की, दोन छोटी वाक्ये उभयान्वयी अव्ययाने जोडलेली असता त्यांच्यामध्ये अर्धविराम द्यावा. या नियमाने ‘विहीर आटली; म्हणून बायका नदीवर पाण्याला जाऊ लागल्या’ ही रचना निर्विवाद शुद्ध ठरते. परंतु नियमाचे शब्द बारकाईने पाहावेत. अव्यय असेल तेथे अर्धविराम द्यावा, असे तो सांगतो; अव्यय नसेल तेथे तो देऊच नये, असे तो सांगत नाही. पहिल्या विधानातून दुसरे आपोआप निघत नाही.

विरामचिन्हे ही मूळची मराठी लेखनातील नव्हेत. मोडीतील मजकूर सलग लिहिला जाई. इंग्रजी अमदानीत, १९ व्या शतकात, मेजर कँडी यांच्या खटपटीने ही चिन्हे मराठीत रूढ झाली. ज्या इंग्रजीतून अर्धविराम आला, त्या भाषेत त्याचे मुख्य काम अव्ययावाचून दोन स्वतंत्र वाक्ये जोडणे हेच आहे. मराठीने ते चिन्ह घेताना त्याचा अव्ययापूर्वीचा उपयोग शाळेच्या पुस्तकात ठळक केला. तथापि मूळचा उपयोगही मराठी गद्यात आढळतो. म्हणून केवळ अव्यय नाही, एवढ्यावरून वाक्य अशुद्ध ठरविता येत नाही.

मग कशावरून ठरवावे? त्यासाठी दोन कसोट्या पुरेशा आहेत.

पहिली कसोटी तळहाताची. फळ्यावर वाक्य लिहावे आणि अर्धविरामाच्या उजवीकडील भाग तळहाताने झाकून डावीकडील भाग मोठ्याने वाचावा : ‘विहीर आटली.’ अर्थ पुरा होतो. ऐकणारा ‘पुढे काय?’ म्हणून अडून राहत नाही. आता डावा भाग झाकावा : ‘बायका नदीवर पाण्याला जाऊ लागल्या.’ हाही अर्थाने पुरा आहे. दोन्ही भाग आपापल्या पायांवर उभे आहेत, म्हणजेच दोन्ही प्रधान वाक्ये आहेत.

दुसरी कसोटी संबंधाची. दोहोंच्या मध्ये ‘म्हणून’, ‘पण’, ‘आणि’ यांपैकी एखादे अव्यय मनात घालून पाहावे. येथे ‘म्हणून’ सहज बसते : विहीर आटणे हे कारण, नदीवर जाणे हा परिणाम. लिहिणारीने अव्यय गाळले, संबंध गाळला नाही. अर्धविरामाने तो राखला आहे. सबब मुलीचे वाक्य शुद्ध आहे.

आता त्याच वाक्यात थोडा बदल करून पाहावा, म्हणजे चूक कोठे होते ते ध्यानात येईल. ‘विहीर आटल्यामुळे; बायका नदीवर जाऊ लागल्या.’ उजवा भाग झाकला की ‘विहीर आटल्यामुळे’ एवढेच उरते आणि कान पुढच्या शब्दांची वाट पाहू लागतो. हे वाक्यच नव्हे. येथे अर्धविराम चूक आहे. ‘बायका नदीवर गेल्या; घागरी घेऊन.’ येथे उजवा भाग पांगळा आहे. ‘बायका घागरी घेऊन नदीवर गेल्या’ असे सरळ लिहावे. ‘जर विहीर आटली; तर बायका नदीवर जातील.’ येथे ‘जर’ने पहिले वाक्य गौण झाले आहे; त्यानंतर स्वल्पविराम पुरे.

‘विहीर आटली; शाळेची घंटा झाली.’ या वाक्यात दोन्ही भाग स्वतंत्र आहेत, म्हणून ते पहिल्या कसोटीस उतरते. पण दुसरीस उतरत नाही. विहिरीचा घंटेशी काही संबंध दिसत नाही. येथे पूर्णविराम द्यावा. मात्र लाल रेघ मारण्यापूर्वी आधीचा मजकूर वाचावा. घंटा होताच मुले त्या विहिरीवर पाणी पिण्यास धावत असत, असे मुलाने आधी लिहिले असेल, तर संबंध आहे आणि निकालही बदलेल.

या ठिकाणी मराठीचे एक वैशिष्ट्य विसरू नये. वाक्य पुरे आहे की नाही, हे ठरविण्यासाठी काही शिक्षक कर्ता आणि क्रियापद मोजतात. मराठीत ही मोजणी फसते. ‘पाऊस थोडा; चिंता फार.’ यात एकही क्रियापद दिसत नाही, तरी ‘आहे’ हे क्रियापद अध्याहृत असल्याने दोन्ही भाग पुरे आहेत. ‘विहीर आटली; नदीवर जावे लागले’ यात दुसऱ्या भागात कर्ता दिसत नाही, पण अर्थ अडत नाही. दोन्ही ठिकाणी अर्धविराम योग्यच आहे. म्हणून मोजण्यापेक्षा झाकून वाचणे अधिक भरवशाचे.

अर्धविरामाऐवजी दुसरे चिन्ह चालेल काय, असाही प्रश्न येईल. ‘विहीर आटली. बायका नदीवर पाण्याला जाऊ लागल्या.’ हेही शुद्धच. मात्र दोहोंचा संबंध वाचणाऱ्यावर सोपविला जातो. स्वल्पविराम घातल्यास वाक्ये एकमेकांत मिसळतात. ‘तो आला, बसला, जेवला’ अशा एकाच कर्त्याच्या तुटक क्रियांस स्वल्पविराम शोभतो. कर्ते निराळे आणि वाक्ये लांब झाली की तो अपुरा पडतो. वाचनातही हा भेद ऐकू येतो : पूर्णविरामाशी आवाज खाली उतरतो, स्वल्पविरामाशी तो क्षणभर थबकतो आणि अर्धविरामाशी तो थांबतो, पण पुरता खाली येत नाही.

राहिला गुणांचा प्रश्न. प्रश्नपत्रिकेत ‘उभयान्वयी अव्यय वापरून वाक्ये जोडा’ असे स्पष्ट सांगितले असेल, तर अव्ययावाचूनचे उत्तर त्या प्रश्नापुरते अपुरे मानावे. निबंधात मात्र तेच वाक्य शुद्ध धरावे आणि त्याचा गुण कापू नये. अव्यय शिकवायचेच असेल, तर लाल रेघेऐवजी समासात ‘येथे “म्हणून” घालून वाचून पाहा’ एवढे लिहावे. मुलगी दोन्ही रचना वाचील आणि अर्धविरामाने कोणत्या शब्दाची जागा घेतली होती, हे तिचे तिलाच कळेल.