मशीनबाईंना रामराम



गटाच्या बैठकीच्या दिवशी आमची बँक सखी अंगठ्याचं छोटं मशीन घेऊन येते. पैसे काढायला बायकांची रांग लागते आणि मग जी गंमत सुरू होते ती बघण्यासारखी असते. कुणी मशीनच्या काचेला बोट लावून तेच बोट कपाळाला लावतात, जसा देवळाचा उंबराच. कुणी म्हणतात, "बाई गं, ओळख दे आज." एक आजी फोनमधल्या रेकॉर्ड केलेल्या बाईच्या 'नमस्कार'लाही "नमस्कार गं, जेवलीस का?" असं उत्तर देतात, तर मशीनला कशा सोडतील? खंडेनवमीला तर आम्ही हौसेने त्या मशीनला हळदीकुंकू लावलं. कुंकू नेमकं काचेवर पडलं आणि मशीनने दुपारपर्यंत कुणालाच ओळख दिली नाही. कोरड्या मऊ फडक्याने काच पुसली तेव्हा कुठे बाई बोलल्या. आता पूजा करतो, पण हळदीकुंकू डब्याला लावतो, काचेला नाही.

या रामरामांकडे नीट पाहिलं तर काही कामाचे निघतात, काही घात करणारे. मशीन बोटावरच्या बारीक रेषा वाचतं आणि त्या आधार काढताना घेतलेल्या ठशाशी ताडून बघितल्या जातात. बोट फार कोरडं असेल तर रेषा तुटक दिसतात. म्हणून बोटावर हलकेच फुंकर घालणाऱ्या काकूंचं काम होतं. तोंडातली वाफ बोटाला थोडा ओलावा देते. पण भांडी घासून ओल्याच हाताने आलं किंवा केसाला तेल लावून आलं, की रेषांमधल्या फटी भरतात आणि ठसा नुसता डाग होतो. काही जणी शिक्का मारल्यासारखं बोट दाबतात. जोर केला की रेषा चपट्या होऊन एकमेकींत मिसळतात. बोट सपाट ठेवावं, हलकं दाबावं आणि दिवा विझेपर्यंत हलवू नये.

आमच्या गटातल्या एक मावशी काजू फोडायच्या कामाला जातात. काजूच्या टरफलातला चीक कातडी खातो. त्यांनी उजवा अंगठा लावला, नाही. डावा लावला, नाही. मावशी मशीनला हात जोडून म्हणाल्या, "इतकी वर्षं राबले, आता तूही ओळखेनास?" आम्ही हसलो, पण पोटात तुटलं. औषधासाठी दीड हजार हवे होते. सखीने हात धुवायला लावले, पुसून कोरडे केले आणि डाव्या हाताची करंगळीशेजारची अनामिका ठेवायला सांगितली. त्या बोटाला चीक कमी लागतो. मशीनने लगेच ओळखलं. ओळख पटवायला अंगठाच लागतो असं नाही, दहापैकी कुठलंही बोट चालतं. दहाही बोटं नाकारली जात असतील तर आधार केंद्रात जाऊन ठसे पुन्हा द्यावेत. पण त्या आधी काही दिवस काजूचं काम थांबवलेलं बरं, नाहीतर झिजलेलेच ठसे पुन्हा नोंदले जातील.

आता खरी जपायची गोष्ट. मशीन 'नाही' म्हणतं ते दोन तऱ्हेचं. ठसा जुळला नाही असं आलं, तर खात्यातून काही जात नाही. बिनधास्त दुसरं बोट लावा. पण ठसा जुळला आणि पुढे बँकेचं उत्तर आलं नाही, असं झालं तर थांबा. पैसे हातात न येताही खात्यातून वजा झालेले असू शकतात. लगेच पुन्हा बोट दिलं तर दुसऱ्यांदा वजा होतील. आधी मोबाईलवरचा मेसेज किंवा पासबुक बघा. वजा झाले असतील तर पावती घेऊन आपल्या बँकेत तक्रार नोंदवा. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणे असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत यायला हवेत. उशीर झाला तर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई बँकेने द्यायची असते.

आणि कुणी म्हणालं, "मावशी, नुसती शिल्लक बघतो, बोट ठेवा," तर आधी पडदा बघा. रकमेच्या जागी आकडा असेल तर ती शिल्लक नव्हे, पैसे काढणं आहे. वाचता येत नसेल तर शेजारणीला वाचायला सांगा. फसलेला व्यवहार असो की झालेला, पावती घेतल्याशिवाय उठू नका.

आमच्या मावशी आता रांगेत येतात तेव्हा आधी अनामिका पदराला पुसतात, मग मशीनला म्हणतात, "रामराम बाई, पैसे दे आणि चिठ्ठीपण दे." आम्हाला वाटतं, मशीनला घालायचा याहून चांगला रामराम नाही.