छायाचित्रातील एकतालाचे वाचन

भातखंडे पद्धतीने लिहिलेल्या एकतालाच्या पानाच्या छायाचित्रात ‘धिं धिं | धागे तिरकिट | तू ना | क त्ता | धागे तिरकिट | धी ना’ ही ओळ दिसते, तेव्हा अक्षरे न मोजता मात्रा, म्हणजे तालाची समान अंतराची एकके, मोजावी लागतात. एका मात्रेत बसणारे बोल खालच्या कंसाने जोडलेले असतात. त्यामुळे ‘तिरकिट’ ही चार अक्षरे मिळून एकच मात्रा होते आणि आवर्तन, म्हणजे तालाचा पूर्ण फेरा, बारा मात्रांचा ठरतो. छायाचित्रात हे कंस पुसट झाले किंवा कापले गेले, तर मोजणी वीसपर्यंत जाते; मात्र पहिल्या विभागात दोन आणि दुसऱ्यात सहा मात्रा येऊ लागल्या की चूक उघड होते, कारण एकतालाचे सहाही विभाग दोन-दोन मात्रांचे असतात.

बोलांखालची फुली सम, म्हणजे पहिली मात्रा दाखवते, शून्य खाली दाखवते, तर २, ३, ४ हे मात्रांचे नव्हे, टाळ्यांचे क्रमांक असतात. म्हणून टाळ्या पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या मात्रेवर, तर खाली तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर येते. तिसऱ्या मात्रेवरील ‘धागे’मध्ये डग्गा खुला वाजत असल्याने निव्वळ बोलांवरून खाली ओळखता येत नाही, आणि म्हणूनच चिन्हांची ही ओळ छायाचित्रात पूर्ण यायला हवी.