पहिलं भाषण, एकच प्रसंग

टोस्टमास्टर्स क्लबातल्या पहिल्या भाषणाला, म्हणजे ‘आइसब्रेकर’ला, चार ते सहा मिनिटं मिळतात. चौथ्या मिनिटाला हिरवा दिवा, पाचव्याला पिवळा, सहाव्याला लाल. जन्मापासून सुरुवात करणारा पिवळा दिवा लागतो तेव्हा जेमतेम दहावी पास झालेला असतो. म्हणून प्रसंग एकच घ्यावा. जसं, बांद्याच्या दुकानदाराने तेरेखोल नदीचं पाणी बाजारात शिरलं ती रात्र सांगावी: मिनिटभर दुकान, तीन मिनिटं माळ्यावर चढवलेली पोती, शेवटचं मिनिट आता माल कुठे ठेवतो त्याचं. मग घर, शिक्षण राहिलंच, असं कुणी म्हणेल. पोती उचलायला कोण धावलं हे सांगताना घर येतंच. पदवी राहिली तर राहू दे. सराव मात्र घड्याळ लावून, मोठ्याने करावा. मनातल्या मनात वाचलेलं भाषण लवकर संपतं.