तानापिहिनिपाजा आणि उलटा थेंब

आजचा भाग सुरू करण्याआधी एक काम करा. मनातल्या मनात इंद्रधनुष्याचे सात रंग म्हणा बघू.

म्हटलेत? मला खात्री आहे, तुमच्यातल्या बहुतेकांनी रंग म्हटलेच नाहीत. 'तानापिहिनिपाजा' म्हटलं आणि मग त्यातून रंग बाहेर काढले. तांबडा, नारंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. पारवा म्हणजे नेमका कोणता रंग, हे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल कोण जाणे, पण 'पा' मात्र कुणी विसरत नाही.

माझी भाची पापडीला राहते, आपल्या वसईतल्या. यंदा दहावीला आहे. तिचा हा सगळ्यात लाडका शब्द. इतका, की धाकट्या भावाला तो पाढ्यासारखा चालीवर शिकवलाय तिने. आणि याच शब्दाने तिला सहामाहीत तोंडघशी पाडलं.

प्रश्न तीन गुणांचा होता. उपयोजनावर आधारित, म्हणजे पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं लिहून चालणार नाही असा. आकृतीत पाण्याचा एकच मोठा थेंब. डावीकडून सूर्याचा किरण आडवा येतो, थेंबात शिरतो, मागच्या बाजूला आतून आपटतो आणि पुन्हा डावीकडे, पण तिरका खाली, बाहेर पडतो. बाहेर पडताना दोन किरण दाखवलेले. वरचा 'क', खालचा 'ख'. एक तांबडा आहे, एक जांभळा. कोणता कोणता, ते ओळखा. याला दोन गुण. आणि तिसऱ्या गुणासाठी: आकाशातल्या इंद्रधनुष्यात आपल्याला तांबडा रंग वरच्या थेंबांकडून मिळतो की खालच्या?

भाचीने पेन खाली ठेवून विचारसुद्धा केला नाही. तानापिहिनिपाजा. 'ता' पहिला म्हणजे वर, 'जा' शेवटचा म्हणजे खाली. क तांबडा, ख जांभळा. तांबडा वरच्या थेंबांकडून. झालं, पुढचा प्रश्न.

पेपर हातात आला तेव्हा तीनपैकी एक. तिसरं उत्तर बरोबर, पहिली दोन चूक.

दोन गुण गेल्याचं दुःख वेगळं आणि 'मला हे येत होतं' याचं दुःख वेगळं. ही चिडली. कारण तिच्याकडे पुरावा होता! सप्टेंबरात एका संध्याकाळी इमारतीच्या गच्चीवरून तिने फोटो काढला होता. सूर्य मागे, समुद्राच्या बाजूला. समोर पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगरावर पाऊस आणि त्यावर झक्कास इंद्रधनुष्य. वरची कड तांबडी, आतली जांभळी, अगदी स्पष्ट. तो फोटो घेऊन ती मॅडमकडे गेली. मॅडमनी फोटो झूम करून पाहिला आणि म्हणाल्या, "फोटो बरोबर आहे. उत्तर चूक आहे. आणि तुझी पहिली दोन उत्तरं तिसऱ्याशी भांडतायत. घरी जाऊन आकृती काढ."

रात्री तिचा मला फोन. "मावशी, आकाशात तांबडा वर दिसतो ना? मग थेंबातून खाली कसा येईल?"

मी म्हटलं, आधी थेंबातून सुटलेला किरण जमिनीपर्यंत ने. मधेच सोडू नकोस.

तुम्हीही करा. तिच्या उत्तराप्रमाणे धरू: वरचा किरण तांबडा, खालचा जांभळा. आता तू गच्चीवर उभी आहेस आणि उंचावरच्या एका थेंबाचा जांभळा किरण बरोबर तुझ्या डोळ्यात आला. त्याच थेंबाचा तांबडा कुठे गेला? तुझ्या डोक्यावरून. मग तांबडा डोळ्यात यायला थेंब कुठे हवा? आणखी खाली. म्हणजे तिच्या आकृतीप्रमाणे आकाशात तांबडा खाली दिसायला हवा होता. फोटोत तर तो वर आहे.

आता उलट करा. थेंबातून तांबडा खालून निघतो, जांभळा वरून. उंचावरच्या थेंबाचा तांबडा डोळ्यात येतो आणि जांभळा डोक्यावरून निघून जातो. खालच्या थेंबाचा जांभळा डोळ्यात येतो आणि तांबडा पायाशी पडतो. म्हणून वर तांबडं, खाली जांभळं. आकाशातला क्रम बरोबर येण्यासाठी थेंबातला क्रम उलटा असावाच लागतो. एका थेंबाकडून तुम्हाला एका वेळी एकच रंग मिळतो. सातही रंग एकाच थेंबातून डोळ्यात उतरतात असं आपण कधी नकळत धरून चालतो, ते कळतही नाही.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "कळलं. पण पटलं नाही." हे मला फार आवडलं, खरं सांगते. न पटताच 'हो हो' म्हणणारे खूप असतात.

मग रविवारी सकाळी मी पापडीला गेले. नऊच्या सुमारास आम्ही गच्चीवर. कपडे वाळत घालायच्या दोरीवर स्प्रेच्या बाटलीने पाणी मारलं, दोरीखाली बारीक बारीक थेंब लटकले. सूर्याकडे पाठ करून, दोरीपासून एक हात लांब उभं राहायचं. दोरी डोळ्यांच्या किंचित वर हवी. एक डोळा मिटायचा, कारण दोन डोळ्यांना एकच थेंब वेगवेगळा दिसतो आणि गोंधळ होतो. एक थेंब निवडायचा आणि गुडघे हळूहळू वाकवत डोकं वरखाली करायचं. लगेच सापडत नाही हं. पाच-सात मिनिटं आम्ही नुसत्याच उठाबशा काढत होतो, शेजारच्या काकू बघून गेल्या.

आणि मग ती ओरडली. एक थेंब पेटल्यासारखा तांबडा झाला. डोकं जरासं वर नेलं, तोच थेंब पिवळा, हिरवा. आणखी वर, जांभळट निळा. डोकं खाली आणलं, पुन्हा तांबडा. त्याच्याही खाली गेलं की रंग एकदम गायब. डोळा खाली तर तांबडा, डोळा वर तर जांभळा. म्हणजे त्या थेंबातून तांबडा खालून निघत होता. तोच 'ख'.

तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत जायला डोकं किती हललं? दोन-चार सेंटिमीटर. कारण या दोन रंगांमधला फरकच जेमतेम दोन अंशांचा आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने हेच पाण्याने भरलेला मोठा काचेचा गोळा घेऊन केलं होतं आणि १६३७ साली छापलंही. त्याला तांबडा रंग साधारण ४२ अंशांना सापडला.

आता हे ४२ कुठून आले, तेवढं सांगते. थेंबात शिरलेला किरण वळत वळत जवळजवळ माघारी फिरतो. पूर्ण माघारी म्हणजे १८० अंश. तांबडा फिरतो सुमारे १३८ अंश, म्हणजे पूर्ण वळणाला ४२ कमी पडतात. जांभळा नेहमीच तांबड्यापेक्षा जास्त वळतो. तो फिरतो सुमारे १४० अंश, त्याला ४० कमी पडतात. म्हणून तांबडा परत येताना ४२ अंशांनी, जास्त उतरता खाली येतो, आणि जांभळा ४० अंशांनी, त्याच्या वरून जातो. जांभळा जास्त वळतो, हे भाचीला पाठ होतं बरं का. लोलकाच्या आकृतीखाली तिने ते लिहिलंही होतं. पण प्रश्न वाचताना तानापिहिनिपाजा इतक्या चटकन तोंडात आलं की हे वाक्य रांगेत मागेच राहिलं. शिवाय पुस्तकातल्या लोलकाच्या आकृतीतही तांबडा वर आणि जांभळा खाली. आकाशातही तसंच. दोन चित्रं शब्दाच्या बाजूने साक्ष देणारी, मग तिसऱ्याची चौकशी कोण करणार?

तो शब्द खोटा नाही. कुणाच्या शेजारी कोण, एवढंच तो सांगतो. वर कोण, हे त्यात कुठेच नाही. 'पहिला म्हणजे वर' हे तिने स्वतः जोडलं होतं, कधी जोडलं ते तिलाही आठवत नव्हतं.

या ४२ अंशांचा एक फायदा सांगून ठेवते. तुमच्या डोक्याची सावली जिथे पडते तिथून मोजायचं. हात लांब करून पंजा पूर्ण ताणला तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण २० अंश होतात. सावलीपासून असे दोन पंजे आणि किंचित वर, तिथे धनुष्य. सूर्यच ४२ अंशांपेक्षा वर असेल, तर धनुष्य क्षितिजाखाली जातं आणि दिसत नाही. सप्टेंबरच्या शेवटी वसईत दुपारी साडेतीनच्या आधी पूर्वेला इंद्रधनुष्य शोधू नका, ऊन-पाऊस कितीही खेळत असले तरी.

हा भाग इथेच संपवणार होते. पण त्यानंतर आठवड्याभराने, परतीच्या पावसात, संध्याकाळी मला भाचीचा फोटो आला. गच्चीवरून, तेच डोंगर. या वेळी दोन धनुष्यं होती. खालचं ठळक, त्याच्या वर दुसरं, फिकट. मधला पट्टा बाकीच्या आकाशापेक्षा काळपट. खाली मेसेज: "मावशी, वरच्यात तांबडा खाली आहे. तानापिहिनिपाजा पुन्हा उलटं. थांब, सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. फक्त एवढं लिहिलं, की दुसऱ्या धनुष्यात किरण थेंबाच्या आत एकदा नाही, दोनदा आपटतो.

वीस मिनिटांनी वहीच्या पानाचा फोटो आला, खाडाखोडीने भरलेला. दोनदा आपटल्यावर किरण १८०च्या पलीकडे जातो. पुस्तकात कोन शोधून तिने लिहिलं होतं: तांबडा सुमारे २३०, म्हणजे ५० जास्त. जांभळा सुमारे २३३, म्हणजे ५३ जास्त. जांभळा इथेही जास्तच वळतो. पहिल्या धनुष्यात कमी पडत होतं, म्हणून जास्त वळणारा आत राहिला. इथे ओलांडून जातं, म्हणून जास्त वळणारा बाहेर गेला.

पानाच्या कोपऱ्यात एक थेंब काढला होता, दोन किरणांचा. खालच्या किरणावर 'ता' लिहिलं होतं, आणि त्याच्या शेजारी कंसात: पहिल्या धनुष्यापुरतं.