जिभेखालची गोळी आणि अंमलाची मुदत



आपण मला दिलेल्या या आसनावरून मी आज एकाच औषधाविषयी बोलणार आहे. ते औषध म्हणजे लोराझेपाम. ते गिळावे, जिभेखाली ठेवावे, की सुईने द्यावे, आणि या तिन्ही मार्गांनी गुंगी केव्हा येते व केव्हा उतरते, याविषयी आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात जी समजूत रुजलेली आहे, तीच एके काळी माझीही होती, आणि तिची किंमत एका वृद्धेने मोजली.

मी तेव्हा निवासी वैद्य होतो. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया व्हावयाची असलेली चौसष्ट वर्षांची एक बाई भयाने झोपेना, म्हणून रात्री ९ वाजता मी १ मिलिग्रॅमची गोळी तिच्या जिभेखाली ठेवविली. साडेनऊला ती जागीच असल्याचे पाहून, गोळी निष्फळ ठरली असे मानून, मी तशीच दुसरी दिली. साडेदहाला तिला गाढ झोप लागली. पण सकाळी ६ वाजता न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी तिचा तोल गेला व मनगटाचे हाड मोडले. दुसऱ्या गोळीची तिला आठवणही नव्हती.

माझी चूक कोठे झाली, ते मला पुढे कळले. छातीत कळ आली असता आपण नायट्रोग्लिसरीनची गोळी जिभेखाली ठेवतो, कारण ती गिळली तर यकृत तिचा बहुतेक भाग रक्ताभिसरणात पोचण्याआधीच नष्ट करून टाकते, आणि जिभेखालच्या शिरा तो अडथळा चुकवतात. हाच न्याय मी लोराझेपामला लावला होता. परंतु गिळलेल्या लोराझेपामचा सुमारे नव्वद टक्के भाग रक्तात सुखरूप पोचतो. यकृताचा जो जकातनाका चुकवावयाचा, तो येथे जवळजवळ नाहीच. त्यातून साधी गोळी जिभेखाली सावकाश विरघळते व लाळेबरोबर तिचा बराचसा अंश पोटातच उतरतो. म्हणून गिळलेल्या गोळीचा प्रभाव अर्ध्या ते एका तासात जाणवू लागतो व रक्तातील प्रमाण सुमारे २ तासांनी शिखरास पोचते, तर जिभेखालच्या गोळीचे शिखरही त्याच सुमारास येते. प्रारंभ थोडा लवकर झालाच तरी तो काही मिनिटांचा फरक असतो. वांती होणाऱ्याला किंवा गिळता न येणाऱ्याला ही रीत उपयोगी पडते, हे मी नाकारीत नाही. पण साडेनऊ वाजता माझी पहिली गोळी निष्फळ नव्हती, ती वाटेवर होती.

खरा झपाटा शिरेतील सुईचा. तिचा प्रभाव एक ते तीन मिनिटांत सुरू होतो, तरीही गुंगीला पुरता भर यावयास पंधरा-वीस मिनिटे लागतात, कारण लोराझेपाम डायझेपामइतके स्निग्धविद्राव्य नसल्यामुळे मेंदूत सावकाश शिरते. मात्र याच कारणाने ते मेंदूतून चरबीच्या थरांकडे लवकर निसटतही नाही; आकडी आवरण्यासाठी दिलेल्या डायझेपामचा अंमल अर्ध्या तासात ओसरू लागतो, लोराझेपामचा कित्येक तास टिकतो. औषध दाट असल्याने शिरेत देण्यापूर्वी त्यात तितकाच द्राव मिसळावा व मिनिटाला २ मिलिग्रॅमहून अधिक वेगाने ते देऊ नये. स्नायूतील सुईचा प्रभाव पंधरा मिनिटे ते अर्ध्या तासात दिसू लागतो, पण शस्त्रक्रियेच्या वेळेची आठवण पुसावयाची असेल तर ती किमान २ तास आधी देण्याची तजवीज असते.

आता गुंगी उतरण्याविषयी. येथे तिन्ही मार्ग एकत्र मिळतात, कारण औषध अंगाबाहेर घालविणे हे यकृताचे काम आहे, आणि औषध कोणत्या दाराने आत आले याची यकृत चौकशी करीत नाही. झापड साधारणपणे सहा ते आठ तास राहते. पण रक्तातील औषध निम्मे व्हावयास बारा ते चौदा तास लागतात. बारा तास धरूनच त्या बाईचा हिशेब मांडला, तर रात्री दिलेल्या २ मिलिग्रॅमपैकी सकाळी ६ वाजता सुमारे १.२ मिलिग्रॅम शिल्लक होते; म्हणजे उंबरा ओलांडताना तिच्या अंगात एका अखंड गोळीहून अधिक औषध होते, आणि झोप उतरली म्हणून अंमल संपला असे मी गृहीत धरले होते. सुई घेतलेल्याने चोवीस ते अठ्ठेचाळीस तास वाहन चालवू नये, हा इशारा याच हिशेबातून आलेला आहे.

तेव्हापासून नोंदपत्रकावर लोराझेपाम लिहिताना मी दिल्याच्या वेळेशेजारी आणखी दोन वेळा लिहितो: गिळलेल्या किंवा जिभेखालच्या गोळीसाठी २ तासांनंतरची, जिच्याआधी दुसरी मात्रा द्यावयाची नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळची, जेव्हा रोग्याला हात धरूनच उठवावयाचे आहे.