'वेंट टू मार्केट यस्टरडे' : पण गेले कोण?

(धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त संस्थेच्या अभ्यासिकेत विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आपण आताच त्रिसरण घेतले. 'गच्छामि' हा शब्द आपण पुन्हा पुन्हा उच्चारला, पण 'मी' या अर्थाचा 'अहं' त्यात एकदाही आला नाही. तरीही शरण कोण जात आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका आली नाही. कारण 'गच्छामि'च्या शेवटी जो 'मि' आहे, तोच सांगतो की जाणारा मी आहे. आजचा माझा विषय या एका 'मि'पासूनच सुरू होतो.

पालीप्रमाणे आपल्या मराठीतही क्रियापदाच्या शेपटीला कर्ता चिकटलेला असतो. 'काल बाजारात गेलो' म्हटले की बोलणारा स्वतःबद्दल बोलतो आहे हे कळते. एकटा गेला की चार जण मिळून गेले, एवढाच काय तो संशय. 'गेलास' म्हटले की समोरचा मुलगा, 'गेलीस' म्हटले की समोरची मुलगी. 'गेले' या रूपात मात्र थोडा घोटाळा आहे. बाई स्वतःबद्दल 'गेले' म्हणते, वडिलांबद्दल आपण आदराने 'गेले' म्हणतो आणि तीन माणसे गेली तरी 'ते गेले'च. पण बोलण्याच्या ओघात तेही कळून जाते. म्हणून 'मी', 'तू', 'तो' हे शब्द आपण गाळतो आणि ते गाळणे ही मराठीत चूक नव्हे. उलट प्रत्येक वाक्यात 'मी, मी' करणारा माणूस आपल्याला अहंमन्य वाटतो.

इंग्रजीतला 'वेंट' मात्र मुका आहे. मी गेलो तरी वेंट, ती गेली तरी वेंट, सारा गाव गेला तरी वेंट. इंग्रजी क्रियापदाला शेपटी जवळजवळ उरलेलीच नाही, म्हणून त्या भाषेत कर्ता आधी वेगळा सांगावाच लागतो. आपला विद्यार्थी 'वेंट टू मार्केट यस्टरडे' लिहितो तेव्हा त्याच्या डोक्यात 'गेलो' असते आणि त्या 'गेलो'मधला 'मी' त्याला स्पष्ट ऐकू येत असतो. कागदावर तो उतरलेलाच नसतो. स्वतःचे पत्र स्वतः दहा वेळा वाचूनही ही चूक सापडत नाही, याचे कारण हेच.

बाजाराच्या वाक्यात फार बिघडत नाही. अर्जात काय बिघडते, ते आता सांगतो. मी बँकेत कारकून आहे. अर्ज वाचण्यात माझी वीस वर्षे गेली. आपल्याच वस्तीतला एक विद्यार्थी शिष्यवृत्तीबाबत एका कार्यालयाला केलेला अर्ज घेऊन माझ्याकडे आला. अर्ज नामंजूर झाला होता. त्याची इंग्रजी वाक्ये अशी होती : 'ओपन्ड अकाउंट इन बँक. गेव्ह नंबर इन ऑफिस. आफ्टर मर्जर चेंज्ड नंबर. नॉट इन्फॉर्म्ड. देअरफोर स्कॉलरशिप नॉट रिसीव्ड.'

कार्यालयाचे उत्तर थोडक्यात असे होते की, आपण स्वतः खाते क्रमांक बदलला आणि या कार्यालयास कळविले नाही, सबब जबाबदारी आपली. मुलगा रडकुंडीला आला होता. त्याचे म्हणणे अगदी उलट होते. त्याची शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झाली, बँकेने खात्याचा क्रमांक बदलला आणि त्यालाच कळवले नाही. कार्यालयाने पत्र वाचले ते चुकीचे वाचले, असेही म्हणता येत नाही. 'ओपन्ड' आणि 'गेव्ह' यांचा कर्ता तोच विद्यार्थी होता. तेव्हा तिसऱ्या वाक्यातल्या 'चेंज्ड'चा कर्ताही तोच, असे वाचणाऱ्याने धरले. 'नॉट इन्फॉर्म्ड'मध्ये तर कोणी आणि कोणाला, दोन्ही गायब. दोष बँकेचा होता, तो त्या पाच वाक्यांनी विद्यार्थ्याच्या गळ्यात टाकला.

मी त्याला तीच वाक्ये मराठीत सांगायला लावली. तो म्हणाला, 'खाते उघडले. नंबर दिला. मग नंबर बदलला. कळवले नाही.' मित्रहो, येथे मराठीची आणखी एक खोड लक्षात घ्या. 'गेलो'मध्ये मी दिसतो, पण 'दिला'मध्ये दिसत नाही. मी नंबर दिला, तिने नंबर दिला, त्यांनी नंबर दिला. भूतकाळातील सकर्मक क्रियापद कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहते. नंबर पुल्लिंगी म्हणून 'दिला', माहिती असती तर 'दिली'. 'बदलला' तर त्याहून लबाड. नंबर आपोआप बदलला असाही त्याचा अर्थ होतो. म्हणजे अशा वाक्यांत मराठी क्रियापदही कर्ता सांगत नाही, तो केवळ प्रसंगावरून कळतो. तोंडी बोलताना प्रसंग दोघांच्या समोर असतो. शंभर कोस दूर बसलेल्या साहेबापुढे फक्त कागद असतो. अर्जात तर सगळी क्रियापदे याच जातीची : भरले, दिले, घेतले, सांगितले, पाठवले.

म्हणून आम्ही एकच काम केले. पेन्सिलने प्रत्येक क्रियापदाच्या डोक्यावर 'कोणी?' असे लिहिले आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढे गेलो नाही. नवा अर्ज असा झाला : 'आय ओपन्ड अ सेव्हिंग्ज अकाउंट इन द ब्रँच निअर माय कॉलेज. आय गेव्ह द अकाउंट नंबर टू द कॉलेज ऑफिस. लेटर द ब्रँच वॉज मर्ज्ड विथ अनदर ब्रँच, अँड द बँक चेंज्ड माय अकाउंट नंबर. द बँक डिड नॉट इन्फॉर्म मी.' सोबत जुना व नवा असे दोन्ही क्रमांक दाखवणारे शाखेचे पत्र जोडले. अर्ज पुन्हा विचारात घेतला गेला आणि काही महिन्यांनी रक्कम खात्यात जमा झाली.

या नव्या अर्जात 'अ' आणि 'द' हे दोन छोटे शब्दही आले आहेत. इंग्रजीत त्यांना आर्टिकल म्हणतात. जुन्या अर्जात 'ऑफिस' नुसतेच होते. कॉलेजचे ऑफिस की समाजकल्याणचे, हे वाचणाऱ्याने कसे ओळखावे? मराठीत आर्टिकल नाही, म्हणून आपल्याला ते जमत नाही, असे सर्रास सांगितले जाते. मला ते अर्धेच पटते. शब्द नाही हे खरे, पण 'कोणता तरी एक' आणि 'तो ठरलेला' हा भेद मराठी माणूस रोज करतो. 'पाकिटात चेक आहे' म्हटले तर चेकची बातमी नवीन आहे : देअर इज अ चेक इन द एन्व्हलप. 'चेक पाकिटात आहे' म्हटले तर ज्याची चौकशी चालली होती तो चेक : द चेक इज इन द एन्व्हलप. शब्द तेच, केवळ जागा बदलली. किंवा 'मी डॉक्टर शोधतोय' आणि 'मी डॉक्टरांना शोधतोय' ही वाक्ये घ्या. पहिल्यात कोणताही डॉक्टर चालेल, तेथे 'अ डॉक्टर'. दुसऱ्यात ठरलेले डॉक्टर कुठे गेले ते पाहतोय, तेथे 'द डॉक्टर'. इंग्रजी जे काम 'अ' आणि 'द'वर सोपवते, ते आपण शब्दांची जागा आणि 'ला', 'ना' हे प्रत्यय यांवर सोपवतो. मनात आलेले मराठी वाक्य नीट ऐकले तर बरेचदा उत्तर तेथेच असते.

बरेचदा म्हणतो, नेहमी नाही. 'माझे वडील शेतकरी आहेत' यात मराठी कान काहीच सांगत नाही; 'एक शेतकरी' असे आपण म्हणत नाही. इंग्रजीत मात्र 'माय फादर इज अ फार्मर' असेच लागते. ते पाठ करावे. तसेच 'आवश्यक आहे' यात आपल्याला कर्ता लागत नाही, इंग्रजीला तेथेही 'इट इज नेसेसरी' असा नावापुरता कर्ता बसवावा लागतो.

दुसऱ्या टोकाची चूकही असते. कोणी रागावले की विद्यार्थी दिसेल तेथे 'द' लावत सुटतो; 'द नेचर', 'द सोसायटी' असे. येथे बाबासाहेबांच्या ग्रंथांची नावे पाहावीत. त्यांची मातृभाषा आपलीच. १९२३ सालच्या ग्रंथाचे नाव 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. 'अ रुपी' म्हणजे खिशातला एक रुपया; 'द रुपी' म्हणजे रुपया हे चलन. १९३६ सालच्या पुस्तकाच्या नावात, 'ॲनायहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये, एकही आर्टिकल नाही. 'द कास्ट' म्हटले असते तर कोणती एक जात, असा प्रश्न आला असता. येथे जात ही संस्थाच सगळी अभिप्रेत आहे. आणि १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेला 'द बुद्ध अँड हिज धम्म'. बुद्ध हे जन्मनाव नव्हे, ती पदवी आहे, म्हणून 'द'. धम्मापुढे 'द' नाही, कारण ती जागा 'हिज'ने घेतली. 'माय', 'हिज', 'युवर' आले की 'द' बसत नाही. मराठी नावात, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' यात, तो 'द' नाहीसा होतो आणि आपले काही अडत नाही.

'अ' की 'ॲन' हा प्रश्न तर आपल्याला इंग्रजांपेक्षा सोपा आहे. शब्द देवनागरीत लिहून पाहा. स्वराने सुरू झाला तर 'ॲन', व्यंजनाने झाला तर 'अ'. युनिव्हर्सिटी 'य'ने सुरू होते, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. अवर 'अ'ने, म्हणून 'ॲन अवर'. बी.ए. झालेला 'अ बी.ए.' आणि एम.ए. झालेला 'ॲन एम.ए.'. रोमन अक्षरे येथे फसवतात, आपली लिपी फसवत नाही.

गाळणे चालते कोठे, तेही सांगतो. रोजनिशीत 'वेंट टू मार्केट' इंग्रजही लिहितो. वर्तमानपत्राच्या मथळ्यात चालते, पावतीवरच्या 'रिसीव्ड विथ थँक्स'मध्ये चालते. तारेत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून तेथे गाळावेच लागे. ती तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण तिची भाषा आपल्या अर्जांत अजून राहिली आहे. मोबाईलवरच्या निरोपातही बिघडत नाही. जेथे पैसा, तारीख आणि जबाबदारी येते, तेथे गाळू नये.

मी दर रविवारी सकाळी येथे अभ्यासिकेत असतो. कोणाला अर्ज करायचा असेल तर आधी तो मराठीत लिहून आणा, आणि पेन्सिल घेऊन या. 'कोणी?' आपण मिळून लिहू.

जयभीम!